सेफ्टी व्हॉल्व्ह शाबूत असतानाही बॉयलर का फुटतो?

२३ मे २०२४ रोजी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका रासायनिक कारखान्यात भीषण स्फोट झाला, तेव्हा पहिल्या काही तासांतील बातम्यांमध्ये 'बॉयलरचा स्फोट' हाच शब्दप्रयोग होता. पुढे हा स्फोट बॉयलरचा नसून रासायनिक प्रक्रियेच्या पात्राचा, म्हणजे रिअ‍ॅक्टरचा असल्याचे सांगण्यात आले. कारखान्यात काही फुटले की ते बॉयलरच असणार, हा समज आपल्याकडे इतका रुळला आहे. त्याच्याच जोडीला आणखी एक समज असतो. 'सेफ्टी व्हॉल्व्ह बिघडला असेल, नाहीतर बॉयलर फुटेलच कसा?' प्रत्यक्षात सेफ्टी व्हॉल्व्ह उत्तम स्थितीत असतानाही बॉयलर फुटू शकतो आणि फुटलेलेही आहेत. ही झडप नेमके काय करते आणि तिच्या आवाक्याबाहेर काय आहे, हे कळले की बॉयलरची दरवर्षी तपासणी का करावी लागते, याचाही उलगडा होतो.

वाफ नव्हे, पाणी धोक्याचे

इस्पितळांची धुलाईकेंद्रे, दुग्धालये, कापडाचे रंगकाम करणारे कारखाने, मोठी हॉटेले या ठिकाणी साधारणतः आडव्या दंडगोलाच्या आकाराचा बॉयलर असतो. पोलादी दंडगोलात पाणी भरलेले असते. त्या पाण्यात बुडालेली एक मोठी नळकांडी भट्टी असते आणि तिच्यातून निघालेले तप्त वायू अनेक बारीक धूम्रनळ्यांमधून फिरून धुराड्याकडे जातात. ज्वाला पोलादाच्या एका बाजूला आणि पाणी दुसऱ्या बाजूला, अशी ही रचना आहे.

उदाहरणादाखल तासाला दोन टन वाफ देणारा, दर चौरस सेंटीमीटरला १० किलो दाबाने चालणारा आणि पोटात सुमारे तीन टन पाणी असलेला बॉयलर घेऊ. त्याच्या टोकाला दीड मीटर व्यासाची तबकडी आहे असे धरले, तर तेवढ्या वर्तुळावर आतून पडणारा भार १७५ टनांहून अधिक भरतो. पण खरी गोष्ट या भाराची नाही. उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांना उकळते. या दाबाखाली मात्र ते सुमारे १८३ अंशांपर्यंत तापूनही पाणीच राहते. दंडगोल फाटला आणि दाब एकाएकी नाहीसा झाला, तर इतके तापलेले पाणी पाणी म्हणून राहूच शकत नाही. त्याचा सुमारे सहावा हिस्सा, म्हणजे पावणेपाचशे किलोच्या आसपास पाणी, क्षणार्धात वाफ बनते. ही वाफ सुमारे आठशे घनमीटर जागा मागते. वीस फूट लांब, पंधरा फूट रुंद आणि नऊ-दहा फूट उंच अशा दहा खोल्या भरतील एवढी ती जागा आहे. तीन घनमीटरच्या जागेत जे मावत होते, ते निमिषात एवढे पसरू पाहते आणि भिंती, छप्पर, यंत्रे यांना सोबत घेऊन जाते. बॉयलरच्या स्फोटाची विध्वंसक शक्ती मुख्यत्वे या साठलेल्या तप्त पाण्यात असते.

सेफ्टी व्हॉल्व्हचे काम

सेफ्टी व्हॉल्व्हची रचना साधी आहे. बॉयलरच्या माथ्यावरील एका तोंडावर चकती बसवलेली असते आणि ताकदवान स्प्रिंग तिला खाली दाबून धरते. आतला दाब ठरलेल्या मर्यादेपर्यंत चढला की तो स्प्रिंगवर मात करतो, चकती उचलली जाते आणि वाफ मोठा आवाज करीत बाहेर पडते. दाब थोडा उतरला की चकती पुन्हा आपल्या जागी बसते.

मात्र नुसते उघडणे पुरेसे नाही. भट्टी पूर्ण पेटलेली असताना वाफेची मागणी अचानक बंद झाली, तर तयार होणारी सगळीच्या सगळी वाफ या झडपेतून बाहेर जाता आली पाहिजे. म्हणून भारतीय बॉयलर विनियमांत एक विशेष चाचणी सांगितलेली आहे. मुख्य वाफवाहिनी बंद ठेवून बॉयलर पूर्ण शक्तीने चालवायचा आणि झडपा उघडलेल्या असताना दाब किती चढतो ते पाहायचे. या प्रकारच्या दंडगोलाकार बॉयलरसाठी चाचणीची मुदत पंधरा मिनिटांची असते. त्या अवधीत दाब कमाल कार्यदाबाच्या दहा टक्क्यांहून जास्त वर जाता कामा नये. जुनी झडप बदलून तिच्या जागी दिसायला तशीच पण लहान मापाची झडप बसवली, तर ती वेळेवर उघडेल, तरीही दाब चढतच राहील. हा दोष नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तो या चाचणीतच पकडला जातो.

झडप निकामी होण्याची कारणे बहुधा साधी असतात. ती महिनोन्महिने उघडलीच नाही, तर गंज आणि क्षार यांमुळे चकती बैठकीला चिकटते. बाहेर वाफ नेणारा नळ तुंबतो. सर्वांत घातक प्रकार म्हणजे माणसाने केलेला 'उपाय'. बैठकीवर ओरखडे पडले की झडप ठरलेल्या दाबाच्या आधीच थोडीथोडी फुसफुसू लागते. अशा वेळी चकती आणि बैठक घासून पुन्हा नीट बसवणे आवश्यक असते. त्यासाठी बॉयलर बंद करावा लागतो. तसे न करता स्प्रिंग आणखी आवळली, तर फुसफुस थांबते. पण त्याचबरोबर झडप उघडण्याचा दाबही वर सरकतो. म्हणूनच ही जुळणी मोहोरबंद ठेवलेली असते. मंजूर दाबाला झडप उघडणारच नाही अशा रीतीने तिच्यात फेरफार करणे हा कायद्याने फौजदारी गुन्हा आहे.

स्वयंपाकघरातील धडा

इथवर धोका एकच होता, तो दाब वाढण्याचा. दुसरा धोका समजण्यासाठी घरातला प्रेशर कुकर पुरेसा आहे. कुकरच्या झाकणावर दोन गोष्टी असतात. एक शिट्टी, जी वजनामुळे दाब ठरावीक पातळीवर रोखते. दुसरा लहानसा सेफ्टी व्हॉल्व्ह, ज्याच्या मध्यभागी लवकर वितळणारा मिश्रधातू असतो. पाणी घालायचे राहिले किंवा ते आटून गेले, तर आत पुरेशी वाफच नसते आणि शिट्टी होत नाही. कुकर मात्र तापत जातो. तेव्हा तो मिश्रधातू वितळतो आणि आपल्याला गॅस बंद करण्याची बुद्धी होते. शिट्टीला दाब कळतो, पाण्याचा अभाव कळत नाही.

बॉयलरच्या सेफ्टी व्हॉल्व्हला कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हचेच नाव असले, तरी त्याचे काम शिट्टीचे आहे. तो फक्त दाब ओळखतो. पाणी कमी झाले तर त्याला ते कळण्याचा मार्ग नाही.

पंधरा मिनिटांची गोष्ट

आपल्या उदाहरणातील बॉयलर तासाला दोन टन, म्हणजे मिनिटाला सुमारे तेहतीस किलो पाण्याची वाफ करतो. आतील पाण्याचा पृष्ठभाग चार चौरस मीटर धरला, तर पाणी पुरवणारा फीड पंप बंद पडल्यावर पातळी मिनिटाला जवळजवळ एक सेंटीमीटरने उतरेल. पातळी दाखवणाऱ्या काचनळीत, म्हणजे गेज ग्लासमध्ये, पाणी मधोमध असेल आणि खाली आठ सेंटीमीटर काच दिसत असेल, तर सुमारे आठ मिनिटांत काच रिकामी होईल. काचेचे खालचे टोक भट्टी व नळ्यांच्या वर काही अंतर राखूनच बसवलेले असते. ते अंतर सात सेंटीमीटर धरले, तर आणखी सात मिनिटे मिळतील. पंपाचा फ्यूज उडाल्यापासून वरच्या धूम्रनळ्या उघड्या पडू लागेपर्यंत चहा घेऊन परत येण्याइतकाच वेळ हाती असतो. आग चालूच राहिली, तर त्यानंतर पाळी येते ती भट्टीच्या माथ्याची.

पाण्यात बुडालेले पोलाद ज्वालेच्या सान्निध्यातही फारसे तापत नाही, कारण उकळणारे पाणी त्याच्यातील उष्णता सतत ओढून घेत असते. पाणी खाली गेले की मागे राहिलेल्या वाफेला हे काम जमत नाही. पोलादाचे तापमान भराभर चढते. पाचशे अंशांच्या पुढे त्याची ताकद झपाट्याने ओसरू लागते आणि लालसर दिसू लागण्याच्या सुमारास ती निम्म्याहूनही कमी उरते. आतला दाब मात्र नेहमीचाच असतो, कदाचित थोडा कमीही. त्यामुळे सेफ्टी व्हॉल्व्ह शांत असतो. शेवटी मऊ पडलेला भट्टीचा माथा त्या नेहमीच्याच दाबाखाली आत खचतो आणि फाटतो.

या संकटासाठी वेगळी राखण लागते. आधुनिक बॉयलरमध्ये तरंगता गोळा किंवा विद्युत्-शलाका यांच्या आधारे पातळी ओळखून इंधन तोडणारी यंत्रणा असते. घन इंधनावर चालणाऱ्या अनेक बॉयलरमध्ये भट्टीच्या माथ्यात कुकरसारखाच वितळणारा प्लग असतो. पण या सर्वांच्या आधी येते ती काचनळी आणि तिच्यासमोरचा माणूस.

काचनळीही खोटे बोलू शकते. तिची पाण्याकडील वाट गाळाने बुजली, तर आत साचलेले पाणी तसेच राहते आणि वरून थंडावलेल्या वाफेचे थेंब त्यात भर घालतात. वाफेकडील वाट बुजली, तरी काचेत पाणी वर चढते. दोन्ही प्रकारांत खरी पातळी कमी असताना काच पाणी पुरेसे असल्याचे दाखवते. चालू बॉयलरमधील पाणी उकळत असल्यामुळे खऱ्या पातळीत थोडी हालचाल दिसते. अगदी निश्चल रेषा दिसली, तर शंका घ्यावी. खात्रीचा उपाय म्हणजे प्रत्येक पाळीत काच 'झाडणे'. पाण्याची तोटी बंद करून निचऱ्याची तोटी उघडली की जोराने वाफ आली पाहिजे. मग वाफेची तोटी बंद करून पाण्याची उघडली की जोराने पाणी आले पाहिजे. शेवटी निचरा बंद करून दोन्ही तोट्या उघडल्यावर पातळी झटकन मूळ जागी यायला हवी. ती रेंगाळत चढली, तर वाट अर्धवट बुजली आहे असे समजावे.

काचेत पाणी दिसेनासे झाले आणि ते केव्हा गेले हे ठाऊक नसेल, तर पहिली ऊर्मी पाणी सोडण्याची होते. तेच करायचे नसते. तापलेल्या पोलादावर थंड पाणी पडले तर ते तडकू शकते, सांध्यांवर ताण येतो आणि एकाएकी वाफही उसळते. प्रथम इंधन व हवेचे पंखे बंद करायचे, वाफेच्या झडपांशी खेळ करायचा नाही, माणसांना दूर न्यायचे आणि बॉयलर आपोआप थंड होऊ द्यायचा. तेल किंवा वायूची ज्वाला बटणासरशी विझते. लाकूड, कोळसा किंवा भुश्शाच्या कांड्या पेटलेल्या असतील तर निखारे बराच वेळ उष्णता देत राहतात. त्यामुळे तिथे जागरूकतेची गरज अधिक असते.

आतून लागणारी कीड

सेफ्टी व्हॉल्व्हला न कळणारे आणखी दोन शत्रू आहेत, क्षार आणि गंज. घरातल्या गीझरच्या कॉइलवर जसा पांढरा थर बसतो, तसाच तो कठीण पाणी वापरणाऱ्या बॉयलरच्या भट्टीवर आणि नळ्यांवर बसतो. या थरातून उष्णता पोलादाच्या मानाने वीसपट किंवा त्याहूनही कमी वेगाने वाहते. म्हणजे पाणी पुरेसे असूनही पोलाद त्याच्यापासून तुटते आणि कमी पाण्यात घडते तेच सावकाश घडू लागते. पत्र्याला फुगवटा येणे ही त्याची खूण असते. धुराड्यातील वायूंचे तापमान दिवसेंदिवस चढत असेल, तर उष्णता पाण्यापर्यंत पोचत नसल्याचा तो इशारा असतो.

गंजाचे काम वेगळे. पाण्यात विरघळलेला प्राणवायू पोलादावर एकाच जागी खोल खड्डे पाडतो. बॉयलर चालू असण्यापेक्षा अर्धवट भरून बंद ठेवलेला असताना हा धोका वाढतो. म्हणून साखर कारखान्यांत गळीत हंगाम संपला की बॉयलर एकतर पूर्ण कोरडे करून किंवा रसायन घातलेल्या पाण्याने काठोकाठ भरून ठेवतात. बाहेरून रंग दिलेला दंडगोल नवा दिसत असताना आतील पत्रा निम्मा झालेला असू शकतो.

ब्रॉक्टनची सकाळ

दाब नेहमीचा, पाण्याचीही तक्रार नाही, तपासणीही झालेली, आणि तरीही बॉयलर फुटला, याचे सर्वांत परिणामकारक उदाहरण अमेरिकेतील आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यातील ब्रॉक्टन येथे ग्रोव्हर यांचा बुटांचा चार मजली लाकडी कारखाना होता. तेथे नवा बॉयलर आलेला होता आणि जुना राखीव म्हणून ठेवला होता. २० मार्च १९०५ रोजी नवा बॉयलर देखभालीसाठी बंद असल्याने जुना पेटवण्यात आला. सकाळी आठच्या आत, कामगार नुकतेच जागेवर बसलेले असताना तो फुटला आणि मजले भेदून वर उडाला. इमारत कोसळली आणि ढिगाऱ्याला आग लागली. ५८ जण मृत्युमुखी पडले व सुमारे दीडशे जखमी झाले.

दोष होता पत्र्याच्या सांध्यात. त्या काळी दंडगोल बनवताना पत्र्याच्या दोन कडा एकमेकींवर चढवून रिव्हेट मारीत. अशा सांध्यामुळे दंडगोल तंतोतंत गोल राहत नाही. दाब चढला की तो गोल होऊ पाहतो आणि सांध्याजवळचा पत्रा किंचित वाकतो. दाब उतरला की तो परततो. वर्षानुवर्षे रोज हे घडत राहिले की तार वारंवार वाकवल्यावर तुटते तशी पत्र्यात चीर पडते. ही चीर दुसऱ्या पत्र्याखाली झाकलेल्या भागात वाढत असल्याने ना बाहेरून दिसते, ना आतून. या बॉयलरचीही तपासणी झालेली होती आणि त्यात चीर आढळली नव्हती. तपासनीस निष्काळजी होता असे म्हणण्यापेक्षा, रचनाच अशी होती की तपासणीला ती आंधळी ठरवीत होती, असे म्हणणे न्याय्य ठरेल.

या दुर्घटनेनंतर मॅसॅच्युसेट्समध्ये १९०७ साली बॉयलरविषयक नियम करणारे मंडळ स्थापन झाले. पुढे अमेरिकन सोसायटी ऑफ मेकॅनिकल इंजिनियर्स या संस्थेने १९१४च्या आवृत्तीपासून बॉयलर संहिता तयार केली. रिव्हेटचे सांधे पुढे मागे पडून वेल्डिंग आले आणि वेल्डिंगमधील दडलेले दोष पाहण्यासाठी क्ष-किरण व ध्वनितरंगांच्या चाचण्या आल्या. मात्र दाबाच्या चढउताराने पोलाद थकते, हा नियम बदललेला नाही.

तपासणीत काय पाहतात?

भारतातही कायद्याची सुरुवात अपघातातूनच झाली. १८६३ मध्ये कोलकात्यात झालेल्या प्राणघातक स्फोटानंतर बंगालमध्ये १८६४ साली बॉयलर तपासणीचा पहिला कायदा आला. देशभरासाठीचा कायदा १९२३ साली झाला. त्याची जागा आता बॉयलर कायदा, २०२५ने घेतली आहे. २५ लिटरहून कमी क्षमतेची किंवा अत्यल्प दाबाची उपकरणे वगळता प्रत्येक बॉयलरची नोंदणी आवश्यक असते. चालवण्याचे प्रमाणपत्र साधारणतः एका वर्षासाठीच मिळते. महाराष्ट्रात हे काम बाष्पके संचालनालय पाहते.

तपासणीच्या दिवशी बॉयलर थंड, रिकामा, स्वच्छ आणि दारे उघडलेली असा हवा. वाफेच्या व पाण्याच्या इतर वाहिन्यांपासून तो पूर्ण तोडलेला असला पाहिजे, कारण माणूस आत उतरणार असतो. पत्र्यावरील खड्डे, फुगवटे, नळ्यांच्या टोकांजवळील भेगा आणि क्षारांचा थर यांची पाहणी होते. ध्वनितरंगांनी पत्र्याची जाडी मोजली जाते. ती कमी भरली, तर बॉयलर मोडीतच काढावा लागतो असे नाही. त्याचा परवानगीचा दाब उतरवता येतो. असा दाब उतरवला की सेफ्टी व्हॉल्व्हही नव्या दाबाला जुळवावा लागतो, हे मात्र विसरून चालत नाही.

यानंतर पाण्याच्या दाबाची चाचणी होते. बॉयलर काठोकाठ पाण्याने भरून, हवा पूर्ण काढून टाकून, पंपाने कार्यदाबापेक्षा अधिक दाब दिला जातो. नव्या बॉयलरला तो साधारणतः दीडपट असतो. यात धोका नाही का, असा प्रश्न पडेल. पण थंड पाणी दाबले तरी जवळजवळ आकुंचन पावत नाही. त्यामुळे त्यात साठणारी ऊर्जा नगण्य असते. सांधा फुटलाच तर पाण्याची चिळकांडी उडते आणि दाब लगेच शून्यावर येतो. हीच चाचणी हवेने केली, तर ती स्वतःच अपघात ठरू शकते.

तरीही वार्षिक तपासणी एका दिवसाचे चित्र देते. उरलेल्या दिवसांची जबाबदारी बॉयलर अटेंडंटवर असते आणि त्यासाठी त्याच्याकडे शासनाचे प्रवीणता प्रमाणपत्र असावे लागते. काच झाडल्याची, पाण्याच्या तपासणीची आणि सेफ्टी व्हॉल्व्ह हाताने उचलून पाहिल्याची त्याची रोजची नोंदवही हा बॉयलरच्या प्रकृतीचा खरा आलेख असतो. महिनाभर एकाच शाईत, एकाच आकड्यांनी भरलेले रकाने पाहून अनुभवी तपासनीस आधी त्या काचनळीकडेच वळतो.

डोंबिवलीसारख्या घटनेत फुटणारा रिअ‍ॅक्टर हा बॉयलर नव्हे. तेथे उष्णता भट्टीतून नव्हे तर रासायनिक क्रियेतूनच निर्माण होऊ शकते. अशी क्रिया आवाक्याबाहेर गेली, तर नेहमीच्या मापाची झडप तिला पुरी पडत नाही. बॉयलरचे परीक्षण चोख असले, तरी त्या पात्राबद्दल त्यातून काहीच सिद्ध होत नाही. म्हणून स्फोटाच्या बातमीत 'बॉयलर' हा शब्द आला की तीन प्रश्न विचारावेत. फुटले ते नेमके काय? त्याचे प्रमाणपत्र कोणत्या तारखेपर्यंत होते? आणि त्या वेळी काचेत पाणी होते का? 'सेफ्टी व्हॉल्व्ह चालला का' हा चौथा प्रश्न आहे. त्याचे उत्तर 'हो' असे आले, तरी चौकशी तिथे संपत नाही.